डाएट की आजार? सोळा वर्षांच्या भाचीबद्दल विचारायचं आहे (ठाणे)

घोडबंदरची मावशी

नमस्कार. भाची 16 वर्षांची, अकरावी सायन्स, शिवाय सीईटीचा क्लास. दहावीची परीक्षा संपली तेव्हा, म्हणजे मार्चमध्ये, तिनं डाएट सुरू केलं. तेव्हा अंगानं चांगली भरलेली होती, त्यामुळे घरात सगळ्यांना बरंच वाटलं. आता श्रावण लागलाय आणि वजन [आकडे काढले आहेत – संपादक] वरून [आकडे काढले आहेत – संपादक] वर आलंय. दिसते छान, अगदी बारीकही नाही. सोसायटीत जो तो कौतुक करतो.

पण मला काही गोष्टी खटकतात. आधी साखर सोडली, मग भात, मग पोळी, आता तेल-तूपही नको. किचनमधल्या वजनकाट्यावर काकडीसुद्धा मोजते. घरातल्या सगळ्यांसाठी केक, ब्राउनी करते, आग्रहानं वाढते, स्वतः चमचाभरही घेत नाही. लिफ्ट सोडून अकरा मजले चढते. पंख्याखाली थंडी वाजते म्हणून फुल बाह्यांचा टी-शर्ट घालून बसते. केस गळतायत. पाळी मे महिन्यात आली ती शेवटची. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओडी असेल म्हणून सांगितलं, 'वजन उतरवताय ते चांगलंच आहे' असंही म्हणाल्या. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, फक्त बी-12 आणि डी कमी.

ताई म्हणते, तू उगाच बाऊ करतेस. खरंच बाऊ आहे का? नेमकं काय बघायचं?

संपादक

मावशी, वजनाचे आकडे मुद्दाम काढलेत, राग मानू नका. हे धागे याच वयाच्या मुलीही वाचतात आणि त्यांच्यासाठी असे आकडे स्पर्धेचं लक्ष्य होतात. आधीच्या वजनाच्या किती टक्के कमी झालं ते लिहा. नाडी, बीपी, रिपोर्ट यांचे आकडे चालतील. कॅलरी आणि वजन उतरवण्याच्या युक्त्या इथे नकोत.

फिटनेस_वाशी

वजन उंचीच्या मानानं नॉर्मल रेंजमध्ये असेल तर ॲनोरेक्सिया म्हणता येणार नाही. त्यात माणूस हाडांचा सापळा होतो. मला हे सरळसरळ प्रोटीन कमी पडल्याचं लक्षण वाटतं. केस गळतात ते त्यामुळेच. थायरॉईड तपासा, पनीर-अंडी वाढवा, बी-12 ची इंजेक्शनं द्या. जिने चढणं तर उत्तम सवय आहे.

डॉक्टर_पाचपाखाडी

मी किशोरवयीन मुलांवर उपचार करणारा बालरोगतज्ज्ञ आहे. वरच्या प्रतिसादातलं केसांचं निम्मं बरोबर आहे. झपाट्यानं वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. पण वजन नॉर्मल म्हणजे आजार नाही, हे चूक आहे. या समजुतीपायी अशा मुली महिनोन्महिने निसटतात.

जास्त वजनावरून सुरुवात केलेली मुलगी खूप वेगानं खाली आली, तर ती नॉर्मल आकड्यावर असतानाच तिचं शरीर उपासमारीत असू शकतं. 2013 साली मानसिक आजारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात याला वेगळी जागा दिली आहे: ॲटिपिकल ॲनोरेक्सिया. विचार तेच, भीती तीच, खाणं तसंच तुटलेलं, फक्त वजन अजून कमी म्हणावं इतकं नाही. हृदयाची गती मंदावणं, बीपी घसरणं, पाळी थांबणं हे सगळं अशा मुलींमध्येही होतं. शरीर आजचा आकडा बघत नाही, किती आणि किती वेगानं गमावलं ते बघतं. म्हणून तिचं स्वतःचं आधीचं वजन हाच मापदंड घ्यायचा. शाळेच्या तपासणीतले, लसीकरणाच्या फाईलमधले जुने आकडे शोधा आणि बालरोगतज्ज्ञांकडून ते भारतीय बालरोग संघटनेच्या 2015 च्या वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. लहानपणापासून वरच्या रेषेनं वाढत आलेली मुलगी पाच महिन्यांत दोन-तीन रेषा ओलांडून खाली आली असेल, तर ती 'सरासरीला आली' असं म्हणू नका.

रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणूनही निश्चिंत होऊ नका. शरीर रक्तातली पातळी शेवटपर्यंत राखतं, त्यासाठी स्नायूंतून, हाडांतून भरपाई करतं. गंभीर अवस्थेतल्या मुलीचेही रिपोर्ट स्वच्छ येतात.

मला तीन गोष्टी कळवा: किती टक्के वजन गेलं, चक्कर येते का, आणि नाडी. नाडी अशी मोजा. सकाळी उठल्यावर तिला पाच मिनिटं शांत पडू द्या. मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, मंद नाडीत त्यानं चूक वाढते. घरी डिजिटल बीपी मशीन असेल तर बीपीही घ्या. मग उभं करा, दोन मिनिटं उभी राहू द्या, जवळ थांबा, आणि पुन्हा दोन्ही मोजा.

स्वप्ना_ऐरोली

मावशी, तिनं नक्की कुठला डाएट केला? माझी मुलगीही अकरावीलाच आहे आणि तिचं वजन काही केल्या हलत नाही. ग्रीन टी वगैरे घेत होती का?

संपादक

स्वप्नाताई, प्रश्न नेमका उलटा आहे. हा डाएट थांबवायचा कसा, ते इथे विचारलंय. कृपया वेगळा धागा काढा.

आहारतज्ज्ञ_नेरुळ

मावशींनी ज्या गोष्टी लिहिल्यात त्यांतली मला सगळ्यात बोलकी वाटते ती ब्राउनीची.

डाएट करणारा माणूस गोडापासून लांब राहतो. उपाशी माणूस अन्नाभोवती घुटमळतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. युद्धानं उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. आधी अन्नात रस नसलेले ते पुरुष पाककृती गोळा करू लागले, घास बारीक करून तासन्‌तास ताटावर बसू लागले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. त्यांच्यातल्या कुणालाही बारीक दिसायचं नव्हतं. म्हणजे आपण ज्याला 'तिचा हट्ट' म्हणतो त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं काम असतं. ती इतरांना खाऊ घालते आणि त्यांना खाताना बघते, ते याच भुकेतून.

दुसरं, यादी फक्त लांबत चाललीय का ते बघा. साखर, मग भात, मग पोळी, मग तेल. साध्या डाएटमध्ये काही गोष्टी सुटतात आणि काही परतही येतात. इथे सुटलेलं परत येत नाही, आणि ठरवलेलं वजन गाठलं की नवीन, आणखी कमी आकडा ठरतो.

तिसरं, नियम मोडला तर काय होतं ते बघा. रविवारी सगळे अचानक मिसळ खायला निघाले आणि तीही आली, थोडं कमी खाल्लं, विषय संपला, तर ते डाएट. आधी दोन तास मेनूवरून प्रश्न, मग पोटात दुखतंय म्हणून घरीच थांबणं, किंवा आलीच तर रात्री हॉलमध्ये फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाला सुट्टी, तर मला काळजी वाटेल. एका वरणात आईनं न सांगता चमचाभर तूप घातलं म्हणून रडारड झाली, तर प्रश्न तुपाचा उरलेलाच नाही.

श्रावण आहे म्हणून एक वेगळं सांगते. सोमवार, शनिवार, एकादशी हे उपास आपल्या घरांत इतके मान्य आहेत की त्याआड न खाणं सहज लपतं. धार्मिक उपास करणारी मुलगी ठरलेल्या वेळी उपास सोडते, आवडीनं सोडते, साबुदाण्याच्या खिचडीची वाट बघते. आजाराच्या वाटेवरची मुलगी सोडायची वेळ पुढे ढकलते, फराळालाही नाही म्हणते, आणि आधी घरात कुणी करत नसलेले वार धरायला लागते.

घोडबंदरची मावशी

मिसळीचा प्रसंग शब्दशः तसाच घडलाय. आणि हो, या वर्षी तिनं एकटीनं मंगळवारही धरलाय. वजन आधीच्या साधारण 18 टक्के कमी. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पण ती सांगत नाही, मीच पाहिलंय. नाडी उद्या सकाळी मोजते.

दोन शंका. पीसीओडीचं काय? त्या डॉक्टरांनी पाळी येण्यासाठी गोळ्या लिहून दिल्यात. आणि थायरॉईडमध्ये टीएसएच नॉर्मल आहे पण टी-3 कमी आलाय. फॅमिली डॉक्टर थायरॉईडची गोळी सुरू करू म्हणतात.

डॉक्टर_पाचपाखाडी

टी-3 आधी. उपासमारीत शरीर जाणूनबुजून चयापचय मंदावतं, तेव्हा टी-3 खाली येतो आणि टीएसएच नॉर्मलच राहतो. तो थायरॉईडचा आजार नसतो, खाणं सुधारलं की आपोआप वर येतो. गोळी दिली तर शरीर जे वाचवू पाहतंय तेच पुन्हा जाळायला लावल्यासारखं होईल, हृदयावर ताण येईल आणि वजन आणखी उतरेल. फॅमिली डॉक्टरांना नम्रपणे सांगा, वजन किती टक्के उतरलं ते कळल्यावर त्यांचंही मत बदलेल.

पाळीचं असं आहे. पीसीओडीमध्ये पाळी अनियमित होते, हे खरंच. पण तिची पाळी वजन वाढलेलं असताना येत होती आणि वजन उतरल्यावर थांबली, हा क्रम महत्त्वाचा आहे. पुरेसं अन्न मिळत नाही म्हणून मेंदूनंच बीजांडकोशांना संदेश देणं थांबवलं, अशी शक्यता इथे जास्त आहे. हार्मोनच्या गोळ्यांनी रक्तस्राव होईल, घरच्यांना वाटेल पाळी सुरू झाली, आणि धोक्याचा एक ठळक इशारा झाकला जाईल. त्या गोळ्यांनी हाडंही वाचत नाहीत. याच वयात हाडं आयुष्यभराची घनता कमावतात, म्हणून थांबलेल्या पाळीचे महिने महागात पडतात. उलट बाजूही लक्षात असू द्या: पाळी येत असली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. म्हणूनच पाळी थांबण्याची अट निदानातून 2013 मध्ये काढली गेली.

सह्याद्रीवेडा

जरा वेगळं विचारतो. मुलगा 19 वर्षांचा, जिमला जातो. उकडलेलं चिकन, अंड्याचा पांढरा बलक, ओट्स, रोज तेच, घड्याळ लावून. मामाच्या लग्नाला स्वतःचा डबा घेऊन आला. जिम चुकली तर दिवसभर घुसमटतो. बारीक होत नाहीये, दंड वाढतायत. मुलग्यांना हे होतं का?

समुपदेशक_कोपरी

होतं, आणि उशिरा ओळखलं जातं, कारण घरचे ते शिस्तीत मोजतात. मुलग्यांमध्ये भीती बऱ्याचदा जाडीची नसते, 'पुरेसा भरलेला नाही' अशी असते. डब्यावरून मी काही ठरवणार नाही. दुखापत झाली, ताप आला तरी जिमला जातो का, आरशासमोर वेळ वाढलाय का, मित्र सुटलेत का, पावडरींबरोबर कुठली इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतो का, हे शोधा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर फिजिशियनकडे आधी न्या.

मूळ धाग्यावर येते. मावशी, ओकारीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. नसेलही, पण शोधा, कारण उपाशी राहणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे मधूनमधून खूप खातात आणि मग ते बाहेर काढतात. जेवल्या जेवल्या बाथरूम आणि नळ सोडलेला, कानाखाली गालाचा भाग दोन्हीकडून सुजल्यासारखा, समोरच्या दातांची मागची बाजू झिजलेली, बोटांच्या मुळांवरच्या सांध्यांवर घट्टे किंवा ओरखडे, कपाटात खाऊची रिकामी पाकिटं, जुलाबाच्या गोळ्या. यातलं काहीही दिसलं तर पोटॅशियम लगेच तपासून घ्या, त्याच्या चढउतारानं हृदयाचे ठोके बिघडतात. अशा मुलांचं वजन बाहेरून बहुतेक वेळा नेहमीसारखंच दिसतं.

आता बोलायचं कसं ते. जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका. जेवणाच्या वेळांपासून लांब, दोघीच असताना, जे डोळ्यांना दिसलं तेवढंच बोला: 'उठताना तुला भिंत धरावी लागते, मला काळजी वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊन नाडी आणि बीपी बघून येऊ.' 'तुला ॲनोरेक्सिया झालाय' असं म्हणू नका, 'किती सुंदर दिसायचीस आधी' असंही नको. दिसण्याबद्दलचं कुठलंच वाक्य तिच्या कानात सरळ पोचत नाही. 'आता बरी दिसतेस' हे तर 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. ती नाही म्हणेल, चिडेल, 'मी खाते की' म्हणेल. वाद जिंकायचा प्रयत्न करू नका. तिची परवानगी मिळेपर्यंत थांबायचंही नाही, कारण आपण आजारी आहोत हे न पटणं हा आजाराचाच भाग आहे.

आणि ताईंना दोष देऊ नका. पाच महिने सगळ्यांनी त्यांच्या लेकीचं कौतुकच केलंय. त्यांना मतं सांगू नका, उद्याची नाडी दाखवा.

घोडबंदरची मावशी

मोजली. ताई समोर होती. झोपून 47. उभं राहून दोन मिनिटांनी 92. बीपी झोपून 94/58, उभं राहून 82/54. तिच्या वडिलांचं म्हणणं, खेळाडूंची नाडी कमीच असते, ती रोज धावते, म्हणून असेल.

डॉक्टर_पाचपाखाडी

मावशी, आजच न्या. सोमवारची अपॉइंटमेंट नको.

खेळाडूचं हृदय मंद चालतं कारण प्रत्येक ठोका ताकदीचा असतो. उभं राहिल्यावर त्याची नाडी थोडीशीच वाढते. इथे ती 45 नं उडाली. हृदयाचा स्नायूच क्षीण झालाय, रक्त वर चढवायला त्याला धावावं लागतंय. किशोरवयीन मुलीची जागेपणीची नाडी 50 च्या खाली, किंवा उभं राहिल्यावर 40 पेक्षा जास्त वाढ, यांतलं एकही असेल तर आम्ही दाखल करतो. हिच्यात दोन्ही आहेत.

कुठे न्यायचं: जिथे बालरोग किंवा मेडिसिन आणि मानसोपचार दोन्ही एका छताखाली आहेत तिथे. ठाणे मनपाचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, मध्य रेल्वेनं सायनचं लोकमान्य टिळक, नवी मुंबईकडच्यांना नेरुळचं डी. वाय. पाटील. ही तिन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी पुढच्या उपचारांसाठी ठीक, पण नाडी 47 असताना आधी हृदयाचं बघायला हवं. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं तर 108.

तिथे गेल्यावर पहिल्या वाक्यात 'मुलगी जेवत नाही' म्हणू नका, कॅज्युअल्टीत ते मागे पडतं. म्हणा: 'पाच महिन्यांत 18 टक्के वजन गेलंय, नाडी 47, उभं राहिल्यावर 92, पाळी मे महिन्यापासून नाही.' कागदावर लिहून न्या. ईसीजी, साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस यांची विनंती करा. फॉस्फरस नेहमीच्या प्रोफाइलमध्ये बहुतेकदा नसतो, तो मागूनच घ्यावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. वाटेत कुठल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली चढवू' म्हणाले तर थांबवा. घरीही घाबरून एकदम भरपेट जेवू घालू नका. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक साखर गेली की पेशी रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम भराभर ओढून घेतात. रक्तातली पातळी कोसळते, हृदय आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात. म्हणून पहिले काही दिवस रोज रक्त तपासत, ठरवून अन्न वाढवतात, आणि आधी थायमिन देतात. आज ती जितकं खातेय तितकं खाऊ द्या, उपाशीही ठेवू नका. जिने बंद, धावणं बंद.

फिटनेस_वाशी

उभं राहून मोजायचं मला माहीत नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलींची नाडी 50 च्या आसपास असते आणि मी त्याला चांगला फिटनेस म्हणत होतो. त्यांच्या घरच्यांशी बोलतो.

घोडबंदरची मावशी

चार दिवसांनी लिहितेय. दाखल केलं. ईसीजीत गती मंद, बाकी ठीक. पहिल्या दिवशी सगळे क्षार नॉर्मल होते, तेव्हा तिचे वडील म्हणाले, बघा, काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी फॉस्फरस घसरला. डॉक्टरांनी ताबडतोब औषध सुरू केलं, आज वर येतोय. नाडी रात्री अजून 44 पर्यंत जाते, दिवसा 54. मानसोपचारतज्ज्ञ येऊन गेल्या.

आता घरी आल्यावर काय? ती म्हणते, मी स्वतः खाईन, तुम्ही मागे लागू नका.

आहारतज्ज्ञ_नेरुळ

तिसऱ्या दिवशीचा फॉस्फरस बऱ्याच घरांना फसवतो. धोका जेवण सुरू झाल्यावर येतो, आधी नाही.

'मी स्वतः खाईन' हे आत्ता मान्य करू नका. या वयासाठी सगळ्यात जास्त पुरावा असलेली पद्धत कुटुंबाधारित उपचार म्हणून ओळखली जाते, ती लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात काय, किती, कधी हे आई-वडील ठरवतात. ताट आई वाढते, मुलगी वाढून घेत नाही, स्वयंपाक चालू असताना ती किचनमध्ये नसते. वजनकाटा कपाटात जातो, अंगाचा आणि किचनचा दोन्ही. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, कुठल्याही दोन खाण्यांत साधारण तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको. प्रमाण रुग्णालयाचा आहारतज्ज्ञ आठवड्यागणिक वाढवून देईल. पोळीला तूप, वरणात तूप, दूध साईसकट. 'हेल्दी' पर्याय शोधत बसू नका, सॅलडनं पोट भरतं आणि वजन वाढत नाही.

जेवताना एक मोठं माणूस शेजारी बसतं आणि तेच खातं. ती ताटावर अडली तर लांबलचक समजावणी नको. 'मला कळतंय कठीण आहे, पुढचा घास घे', एवढंच, पुन्हा पुन्हा, शांत आवाजात. जेवल्यावर तासभर कुणीतरी सोबत, बाथरूमला जायचं तर आधी जाऊन यायचं. पत्ते, मालिका, काहीही चालेल, नुसतं ताटावरून उठवून खोलीत पाठवू नका. कॉलेजचा डबा सध्या नको, दुपारचं जेवण घरी किंवा आई-वडिलांपैकी एक जण जाऊन. हे महिनोन्महिने चालतं, म्हणून कामाच्या रजा दोघांनी वाटून घ्या.

समुपदेशक_कोपरी

डब्याबद्दल सहमत. एक गोष्ट मी वेगळी करते. वजन आठवड्यातून एकदा घ्यायचं, पण ते तिला दाखवायचं. लपवलेल्या आकड्याची भीती मोठी होत जाते.

आहारतज्ज्ञ_नेरुळ

मी सुरुवातीला पाठ करून उभं करते आणि आकडा फक्त पालकांना सांगते. एक पाव किलो वाढलं म्हणून आठवड्याची मेहनत वाया गेलेली पाहिलीय.

समुपदेशक_कोपरी

तसं होतं, पण ते रडणं माझ्यासमोर झालं तर त्यावर काम करता येतं. मावशी, यात दोन मतं आहेत. तुमच्या टीमनं जे ठरवलं असेल त्यावर घरातल्या सगळ्यांनी एकच राहा, आई दाखवते आणि बाबा लपवतात असं नको.

सह्याद्रीवेडा

माझ्या मुलासारखं 18 च्या पुढचं असेल, आणि नकोच म्हणाला तर? रुग्णालयात नेता येईल का?

समुपदेशक_कोपरी

18 च्या आत पालकांच्या संमतीनं दाखल करता येतं. त्यानंतर त्याची स्वतःची संमती लागते. जीव धोक्यात असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तरतूद आहे, पण ती कधी लागू पडेल हे समोर बसलेला डॉक्टरच ठरवू शकेल. आत्ता एवढंच करा, नाडी-बीपीसाठी त्याला फिजिशियनकडे न्या. मुलगे मानसोपचारापेक्षा त्याला लवकर तयार होतात. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेली-मानस, 14416, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

घोडबंदरची मावशी

उद्या घरी सोडतायत, जागेपणीची नाडी आता 60 च्या वर आहे. तीन आठवड्यांवर गणपती, आमच्याकडे गौरी असतात. घरात तीस माणसं येतील आणि दारातच म्हणतील, 'अगं, किती बारीक झालीस!' किंवा 'आता चेहऱ्यावर तेज आलं.' गौरी दुसरीकडे द्यायच्या का?

समुपदेशक_कोपरी

गौरी राहू द्या, माणसं कमी करा. येणाऱ्या प्रत्येकाला ताईंनी आधी फोन करावा आणि कारण न सांगता एकच निरोप द्यावा: 'तिला बरं नव्हतं, दिसण्याबद्दल आणि खाण्याबद्दल तिच्याशी काहीच बोलू नका, अभ्यासाबद्दल, गाण्याबद्दल बोला.' जी आत्या तरीही बोलणारच हे माहीत आहे, तिच्या शेजारी तुम्ही बसा आणि विषय बदला.

आहारतज्ज्ञ_नेरुळ

नैवेद्याला उशीर होतो, आमच्याकडे तीन-तीन वाजतात. तिचं जेवण त्याच्यासाठी थांबवू नका. साडेबाराला आतल्या खोलीत, आईबरोबर, रोजचं ताट. मग नैवेद्याच्या पंगतीत ती बसली तर तिचं मधलं खाणं म्हणून एक पुरणपोळी आणि दूध, तेवढंच, तेही आईनं वाढलेलं. मोदक वळायला, पुरण वाटायला तिला बसवू नका, या वर्षी तिला रांगोळी द्या.

घोडबंदरची मावशी

रांगोळी चालेल का पण? तासन्‌तास ओणवं बसेल, परवा व्यायाम बंद म्हणून सांगितलंय. आणि वडील अजून म्हणतात पंगतीला सगळ्यांबरोबरच बसू दे, वेगळं ताट नको.

डॉक्टर_पाचपाखाडी

रांगोळी बसून, अर्ध्या तासाची, पाटावर. उठताना कुणीतरी हात द्या. वडिलांना पुढच्या तपासणीला घेऊन या, नाडी त्यांनाच मोजायला सांगू.